शिवारात उंदीर हजारो, मग घुबड एकच का? हिशोब समजून घ्या

ज्वारी हुरड्यात आली की उंदराचं नाव निघतंच. बांधावर बिळं, सरीत तोडून पडलेली कणसं, आणि बिळाच्या तोंडाशी उकरलेली माती. पारावर बसलं की एकच बोलणं, औषध कुठलं टाकलं आणि किती मेले. मागच्या हंगामात असंच बोलणं चाललं असताना एका म्हाताऱ्या माणसानं मला विचारलं, "भाऊ, तू बातम्या लिहितोस, मग एक सांग. उंदरं एवढी झालीत तर त्यांना खाणारी घुबडं का वाढत नाहीत? खायला तर ढीग पडलाय."

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात निसर्गाचा सगळा जमाखर्च आहे. आज तोच हिशोब एका एकर ज्वारीपासून घुबडापर्यंत मांडून बघू. आकडे मोटामोटी आहेत. शिवार बदललं की ते थोडे इकडेतिकडे होतील, पण हिशोबाची रीत तीच राहते.

सुरुवात उन्हापासून

ज्वारी, उंदीर, घुबड ही एक अन्नसाखळी. प्रत्येक कडी आधीच्या कडीला खाऊन जगते. पण ज्वारी कुणाला खात नाही. ती उन्हावर जगते. म्हणून हिशोब उन्हापासून धरायचा.

हे मोजायला आपल्या ओळखीचं माप घेऊ, विजेचं युनिट. आपल्या भागात एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात साधारण ५ युनिट एवढं ऊन पडतं. एकर म्हणजे सुमारे ४ हजार चौरस मीटर. म्हणजे एका एकरावर दिवसाला २० हजार युनिट. विहिरीवरची ५ एचपीची मोटर तासाला ४ युनिटच्या आसपास घेते. एका एकरावर एका दिवसात पडणाऱ्या उन्हात ती मोटर रोज आठ तास लावली तर पावणेदोन वर्षं चालेल. आणि हे ऊन फुकट, बिल नाही.

आता ज्वारी चार महिने, म्हणजे १२० दिवस रानात उभी राहते. तेवढ्या दिवसांत एकरावर पडलेलं ऊन झालं २४ लाख युनिट.

यातून आपल्या हाती काय लागतं? धरा ८ क्विंटल ज्वारी, २ टन कडबा आणि जमिनीत राहिलेली धसकटं-मुळं ५ क्विंटल. एकूण ३३ क्विंटल वाळलेला माल. असा एक किलो माल जाळला तर साडेचार युनिटच्या आसपास उष्णता निघते. म्हणजे सगळं पीक मिळून झालं १५ हजार युनिट.

२४ लाख पडले, १५ हजार साठले. शंभरातलं एक युनिटही धड नाही. बरंचसं ऊन पानावर न पडता जमिनीवर पडतं, काही पानावरून परत फिरतं, काही पान तापवण्यात आणि पाणी उडवण्यात जातं. उन्हातले काही रंग पानाच्या कामाचेच नसतात. आणि पानानं जे अन्न बनवलं त्यातला मोठा वाटा ज्वारी स्वतःच खर्चते, वाढायला आणि रात्री श्वास घ्यायला.

पण लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या जिवांसाठी भांडवल हे एवढंच. उंदीर असो, घुबड असो नाहीतर आपण, कुणालाही उन्हातून थेट अन्न करता येत नाही. या १५ हजारातूनच सगळ्यांचा वाटा निघतो.

उंदराच्या पोटात गेलेलं कुठं जातं?

आता शेतातला एक उंदीर घ्या. तीन महिन्यांत तो १०० ग्रॅमचा होतो. तेवढ्या काळात लहानपणी थोडं, मोठेपणी जास्त असं धरलं तरी ६०० ग्रॅमच्या आसपास दाणे तो खातो. किलोभर दाण्यात ४ युनिट, म्हणजे त्यानं खाल्ले २.४ युनिट. त्याच्या अंगात मात्र जेमतेम ०.२ युनिट सापडतात, कारण उंदराच्या अंगात दोन तृतीयांशापेक्षा जास्त पाणीच असतं. शंभरातले आठ अंगी लागले, बाकीचे ब्याण्णव गेले.

कुठं गेले? थोडे लेंडीवाटे बाहेर पडले. ते वाया जात नाहीत, मातीतले किडे आणि बुरशी त्यावर जगतात, पण घुबडाच्या दृष्टीनं ते गेलेच. उरलेलं जवळपास सगळं उंदरानं जाळलं. तुम्ही कधी मेल्याबरोबर उंदीर उचलला असेल तर तो हाताला गरम लागतो. डिसेंबरच्या कडाक्यात रात्री शिवारात पाणी धरताना आपले दात वाजतात, तेव्हा एवढासा जीव स्वतःचं अंग आपल्याएवढंच गरम ठेवतो. ती शेकोटी दाण्यावरच पेटलेली असते. वर बीळ उकरणं, पळणं, पिलं पाजणं आहेच. हे सगळं शेवटी उष्णता होऊन हवेत जातं आणि ती उष्णता कुठलंही पीक परत गोळा करत नाही.

इथं कुणी म्हणेल, ब्रॉयलर कोंबडी तर दीड-पावणेदोन किलो खाद्यात किलोभर वाढते, मग उंदीरच एवढा नासका कसा? दोन गोष्टी बघा. खाद्य कोरडं असतं आणि कोंबडीत दोन तृतीयांश पाणी असतं, म्हणून नुसत्या वजनावर हिशोब फसवा होतो. उष्णतेच्या मापात कोंबडीच्या अंगी चौथाईच्या आसपासच लागतं. आणि ती चौथाई मिळवायला तिला शेडमध्ये ऊब द्यावी लागते, पळू द्यायचं नसतं, आणि वाढ चालू असतानाच ४० दिवसांत विकावी लागते. तीच कोंबडी पुढं वर्षभर सांभाळली तर खाणं चालूच राहील आणि वजन मात्र जागेवर थांबेल. रानातल्या जनावरांचं आयुष्य असंच असतं. वाढ थोडे दिवस, खर्च जन्मभर.

घुबडाचा वर्षाचा खर्च

आपल्याकडं जुन्या वाड्याच्या भिंतीत, पडक्या विहिरीत, देवळाच्या शिखरात जे पांढऱ्या तोंडाचं घुबड राहतं, ते गव्हाणी घुबड. वजन अर्धा किलोच्या आतच. त्याला रात्रीला साधारण १०० ग्रॅम खाणं लागतं, म्हणजे आपला एक उंदीर, नाहीतर लहान चिचुंद्री-उंदरं असतील तर दोन-तीन.

वर्षाचे झाले ३६५ उंदीर, वजनात साडेछत्तीस किलो. आणि वर्षाच्या शेवटी घुबडाचं वजन किती? जेवढं होतं तेवढंच! साडेछत्तीस किलो मांस खाऊन अंगावर एक ग्रॅम चढत नाही. सगळं अंग गरम ठेवण्यात आणि उडण्यात जातं. शिल्लक पडते ती फक्त अंड्या-पिलांच्या रूपानं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. या एका घुबडाला किती शिवार लागेल?

३६५ उंदीर वाढायला प्रत्येकी ६०० ग्रॅम धरले तर २ क्विंटल २० किलो दाणे लागतात. तुम्ही म्हणाल, एवढंच? मग एका एकरात तीन घुबडं जगावीत. पण एकरातले सगळे दाणे उंदीर थोडेच खातो! धरून चालू की त्यानं शंभरातले पाच खाल्ले. ८ क्विंटलच्या एकरात ते झाले ४० किलो. त्यावर वाढतील ६६ उंदीर. आणि ते सगळे घुबडाला सापडत नाहीत. काही बिळात मरतात, काही साप-मुंगूस-मांजर नेतात, काही वाचतात. वाचले नाहीत तर पुढच्या वर्षी घुबड खाईल काय? पाचातला एक त्याला मिळाला असं धरलं तर एकरामागे १३ उंदीर. ३६५ भागिले १३, उत्तर येतं २८ एकर.

एका घुबडाला २८ एकर. जोडीला ५६. वर चार-पाच पिलं तोंड उघडून बसली तर आणखी वेगळं. आणि हे पीक चार महिनेच उभं असतं, बाकी आठ महिने उंदीर गवत, मुळं, किडे आणि कोठारावर भागवतो. म्हणून गावाच्या शिवारात घुबडाच्या दोन-चार जोड्या दिसल्या तर समजायचं की शिवार भरलेलं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. खायला ढीग दिसतो, पण त्या ढिगातला घुबडाचा वाटा चिमूटभर.

हा हिशोब नुसता कागदावरचा नाही. मलेशियात पामतेलाच्या बागांमध्ये उंदरांसाठी याच जातीच्या घुबडांना लाकडी पेट्या लावतात. तिथं ५ ते १० हेक्टरमागे, म्हणजे १२ ते २५ एकरांमागे एक पेटी धरतात. तिथली बाग बारमाही, उंदीर दाट, म्हणून कमी जागेत जोडी भागते. पण एकराला एक पेटी तिथंही लावत नाहीत. लावल्या तरी त्या रिकाम्याच राहतील.

जेवढं वर जाल तेवढी पंगत लहान

वर खाणारे कमी आणि खाली खाल्ले जाणारे जास्त, ही गोष्ट चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२७ मध्ये पुस्तकात मांडली. पण ती का घडते याचा हिशोब रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणानं घातला. त्यानं मिनेसोटा राज्यातल्या एका लहान तळ्यातलं शेवाळ, किडे, मासे वर्षानुवर्षं मोजले आणि प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा पुढं सरकते ते काढलं. १९४२ मध्ये त्याचा लेख छापून आला तेव्हा तो हयात नव्हता, त्याच वर्षी अवघ्या २६ वर्षांचा असताना तो वारला होता.

शाळेच्या पुस्तकात "दहा टक्क्यांचा नियम" म्हणून जे येतं त्याचं मूळ या कामात आहे. दहा हा सरासरीचा आकडा आहे. कुठं पाच, कुठं वीसही निघतात. पण दहा धरला तरी चित्र साफ होतं. ज्वारी खाणाऱ्या नाकतोड्यांना समजा १०,००० युनिट मिळाले. नाकतोडे खाणाऱ्या बेडकांना १,००० मिळतील, बेडूक खाणाऱ्या सापांना १००, आणि साप खाणाऱ्या सर्पगरुडाला १०. सर्पगरुडाला खाऊन जगणारा प्राणी का नाही? त्याच्या वाट्याला एकच युनिट येईल, आणि ते शोधत फिरण्यात त्याची त्याहून जास्त ताकद खर्च होईल. म्हणून रानातल्या साखळ्या चार-पाच कड्यांवर संपतात.

वाघ-बिबट्याचंही हेच. मांसाहारी जनावरांच्या अनेक जाती तपासल्यावर शास्त्रज्ञांना असं दिसलं की १०,००० किलो भक्ष्य असेल तर त्यावर सुमारे ९० किलो शिकारी जगतात. ९० किलो म्हणजे दोन बिबटेसुद्धा धड नाहीत. वाघाबाबत उल्लास कारंथ यांच्यासारख्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे की एका वाघाला वर्षाला ५० हरणं लागतात आणि ती पुरवायला ५०० हरणांचा कळप मागं असावा लागतो.

एक शंका येईल. चिंचेच्या एका झाडावर हजारो मुंग्या-किडे असतात, मग खाली एक आणि वर हजार हे कसं? डोकी मोजली की असं फसायला होतं. एक चिंच म्हणजे काही टन माल, आणि हजारो किडे मिळून किलोभरही नाहीत. डोकी सोडून युनिट मोजा, हिशोब परत सरळ होतो.

धामण स्वस्तात जगते

सगळेच शिकारी घुबडाएवढे खर्चिक नसतात. धामण बघा. तिचं अंग आपोआप गरम राहत नाही. सकाळी ती बांधावर ऊन खात पडते ना, ती आळस करत नसते. अंगाची गरमी ती थेट उन्हातून घेते, दाण्यातून आणि उंदरातून फिरून आलेली महागाची गरमी तिला लागत नाही. म्हणून आठवड्याला एखादा उंदीर तिला पुरतो आणि थंडीत तर कितीतरी दिवस ती खातही नाही.

वर्षाला ४० उंदीर धरा. घुबडाच्या ३६५ उंदरांत नऊ धामणी जगतात. त्याच शिवारात घुबडापेक्षा साप जास्त का दिसतात, त्याचं हे एक कारण. आणि दोघांचं काम वेगळं. घुबड उघड्यावर फिरणारा उंदीर उचलतं, धामण बिळात शिरून पिलांसकट काढते. धामण बिनविषारी आहे, तरी दिसली की काठी उचलली जाते.

खर्च जळतो, विष जळत नाही

आता माझी स्वतःची चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी उंदीर फार झाले म्हणून मी बाजारातलं तयार विषारी गोळीचं औषध आणलं आणि बांधाबांधानं हातानं फेकलं. बिळात घातलं नाही, मेलेले उंदीर गोळा केले नाहीत. आठ-दहा दिवसांनी आमच्या पडक्या विहिरीपाशी घुबड मरून पडलेलं दिसलं, चोचीला रक्त. पुढच्या पावसाळ्यात उंदीर पहिल्यापेक्षा जास्त झाले. विहिरीतली ढोली अजून रिकामी आहे.

यातली गोम त्याच हिशोबात आहे. खाल्लेल्या दाण्यातली ऊर्जा उंदीर जाळून टाकतो. पण ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त न गोठू देणारं औषध तसं जळून जात नाही, ते त्याच्या काळजात कित्येक दिवस साठून राहतं. असा उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला सगळ्यात आधी तोच सापडतो. घुबड रोज एक असा उंदीर खातं. दहा उंदरांचं मांस जळून जातं, पण दहा उंदरांच्या विषातलं बरंचसं एका काळजात जमतं. वरच्या पायरीवर अन्न आटत जातं आणि विष दाट होत जातं.

मग भरून निघण्याचा वेग बघा. उंदराची मादी तीन आठवड्यांत वितें, एका वेळी सहा-आठ पिलं, आणि ती पिलं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. घुबडाची जोडी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी अंडी घालते आणि खाणं कमी असेल तर त्यातली निम्मी पिलं जगत नाहीत. दोन्ही मेले की आधी उंदीर परत येतो. २८ एकरातलं ते एकच घुबड होतं, त्याच्या जागी दुसरं यायला वर्षं लागतात.

मग करायचं काय?

घुबड सगळे उंदीर संपवेल ही आशा धरू नका. वरचा हिशोबच सांगतो की पाचातला एकच त्याच्या वाट्याला येतो. पण तो एक फुकट जातो आणि बारमाही जातो. औषध लागेलच तेव्हा ते असं वापरा. संध्याकाळी शेतातली सगळी बिळं मातीनं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं. आमिष फक्त त्यांच्या आत खोल घाला आणि तोंड बंद करा. उघड्यावर फेकू नका. पुढं आठ-दहा दिवस रोज फेरी मारा, मेलेले आणि सुस्त उंदीर हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा. बांधावर आणि सरीत उंच काठीचे पक्षीथांबे लावा, रात्री घुबड त्यावर बसून टेहळणी करतं. घुबड आणि धामण दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मारणं, पकडणं, विकणं गुन्हा आहे.

शिवारात घुबड आहे की नाही हे ओळखायची खूणही सोपी आहे. पडका वाडा, विहीर, जुनं झाड यांच्या खाली अंगठ्याएवढे काळपट गोळे पडलेले दिसतात. ती विष्ठा नव्हे, घुबडानं ओकून टाकलेली उंदराची केसं आणि हाडं असतात. गोळा पाण्यात भिजवून काडीनं फोडला की आत उंदराच्या कवट्या निघतात. कवट्या मोजल्या की त्यानं किती उंदीर नेले ते कळतं.

मी आता दर महिन्याला आमच्या विहिरीखाली जाऊन बघतो. अजून गोळा सापडलेला नाही.